विश्लेषण : मधाच्या लिस्टिंगवर बाळासाठी चुकीची सूचना, आधीच्या खरेदीदारांना कसे कळवायचे?

घरगुती किंवा छोट्या उद्योगातले पदार्थ आता थेट मोबाइलवरून विकले जातात. बाटली फुटली, वजन कमी भरले, झाकण गळले तर ग्राहकाची तक्रार दुसऱ्या दिवशी येते. पण वापराच्या सूचनेतले एखादे वाक्यच चुकीचे असेल, तर तक्रार येत नाही. ग्राहक त्या वाक्यावर विश्वास ठेवतो आणि तसे वागतो. अशी चूक लक्षात आल्यावर पान दुरुस्त करणे दहा मिनिटांचे काम असते. आधी माल घेतलेल्यांपर्यंत पोहोचणे हे खरे काम. ते कसे करायचे, हे मधाच्या एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण काय आहे?

समजा, सातारा जिल्ह्यातला एक छोटा विक्रेता २५० ग्रॅमच्या बाटल्यांत मध विकतो. एका मोठ्या मार्केटप्लेसवर, स्वतःच्या वेबसाइटवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दोन दुकानांतून त्याची विक्री होते. मार्चमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनातही त्याने स्टॉल लावला होता. २४ फेब्रुवारीला त्याने लिस्टिंग नव्याने लिहिले. त्यात एक ओळ आली : ‘६ महिन्यांपुढील बाळाला अर्धा चमचा कोमट पाण्यातून द्यावा.’ हीच ओळ ३ मार्चपासून बाटलीसोबतच्या माहितीपत्रकातही छापली गेली. २१ एप्रिलला एका ग्राहक महिलेने विचारले, ‘दादा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. तुमच्या पत्रकात सहा महिने कसे?’ तोवर ४१२ बाटल्या बाहेर गेल्या होत्या.

ही सूचना धोक्याची का?

मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मधात पाणी कमी असल्याने ते तिथे वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच भरपूर उपयुक्त जिवाणू असतात, त्यामुळे या बीजाणूंना तिथे जागा मिळत नाही. १ वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ही व्यवस्था अजून बसलेली नसते. तिथे बीजाणू रुजू शकतात, वाढू शकतात आणि विष तयार करू शकतात. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवते. या आजाराला ‘शिशू बोट्युलिझम’ म्हणतात. १९७६ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला.

सुरुवात बहुतेक वेळा बद्धकोष्ठतेने होते, त्यामुळे घरच्यांना ती साधी बाब वाटते. पुढे बाळाचे रडणे क्षीण होते, दूध ओढण्याचा जोर कमी होतो, पापण्या खाली येतात, मान धरेनाशी होते आणि अंग सैल पडते. श्वासाचे स्नायू अशक्त झाले तर बाळाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. बीजाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ३ ते ३० दिवस लागू शकतात. विक्रेत्यासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. मध आज दिला आणि बाळ उद्या बरे दिसले, म्हणून विषय संपत नाही. त्याच वेळी, महिन्याभरापूर्वी मध घेतलेल्या ग्राहकाला आज कळवणेही निरुपयोगी ठरत नाही.

मध उकळून किंवा ‘शुद्ध, जंगली, सेंद्रिय’ असल्याने हा धोका जात नाही. हे बीजाणू मारायला दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान लागते. घरच्या पातेल्यात ते मिळत नाही आणि तेवढा तापवलेला मध मधासारखा राहतही नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : १ वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची, बाळगुटी मधात उगाळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यामुळे छापील पत्रकातली ‘६ महिन्यांपुढील’ ही ओळ घरच्यांना खटकत नाही, उलट पटते.

पहिल्या तासात काय करायचे?

पहिले काम म्हणजे पुरावा जपणे. लिस्टिंगचे सगळे भाग, तारीख-वेळ दिसेल असे, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि पत्रकाची एक प्रत बाजूला ठेवायची. लाजेपोटी आधी ओळ पुसली, तर नंतर कोणत्या ग्राहकाने नेमके काय वाचले हे विक्रेत्यालाच सांगता येत नाही.

दुसरे काम विक्री थांबवणे. साठा शून्य करायचा, पण पान हटवायचे नाही. अनेक ग्राहक जुनी ऑर्डर उघडून त्याच पानावर वापराची माहिती पुन्हा वाचायला येतात. पान हटवून नवे तयार केले, तर त्यांना दुरुस्ती कधीच दिसणार नाही. मार्केटप्लेसच्या गोदामात भरलेला माल असेल तर त्या प्रत्येक खोक्यात जुने पत्रक आहे. तो माल परत मागवावा लागतो. नाहीतर लिस्टिंगवर बरोबर सूचना आणि हातात चुकीची, असा घोळ होतो.

तिसरे काम दुरुस्ती. इथे हमखास राहून जाते ती चित्रांमधली ओळ. वर्णनातला मजकूर बदलला जातो, पण ‘कसा वापरावा’ असे लिहिलेला तिसरा किंवा चौथा फोटो तसाच राहतो. मोबाइलवर बहुतेक लोक वर्णन वाचत नाहीत, फोटोच सरकवतात. त्यामुळे शीर्षक, ठळक मुद्दे, वर्णन, फोटो, व्हिडीओ आणि ग्राहकांच्या प्रश्नांना विक्रेत्याने दिलेली जुनी उत्तरे, हे सगळे एकेक करून तपासायचे. त्याच मधाची ५०० ग्रॅमची बाटली किंवा बाळंतविड्याच्या भेटसंचातली छोटी बाटली वेगळ्या पानावर असेल तर तेही पान पाहायचे. बाळंतविड्याचे पान तर सगळ्यात आधी, कारण तो संच बाळ असलेल्या घरातच जातो.

ओळ गुपचूप बदलून चालत नाही. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत तारखेसह लिहायचे : ‘२१ एप्रिलची दुरुस्ती : १ वर्षाखालील बाळाला हा मध देऊ नये. आधीची सूचना चुकीची होती.’ बदल लगेच सगळ्यांना दिसेलच असे नाही. मार्केटप्लेसवर मंजुरीला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. विक्रेत्याच्या खात्यात नवे पान दिसते आणि ग्राहकाला जुनेच. म्हणून दुसऱ्या कोणाच्या फोनवर, लॉगिन न करता पान उघडून पाहायचे.

कोणाकोणाला कळवायचे, हे कसे ठरते?

यासाठी तीन तारखा लागतात : चुकीची ओळ लिस्टिंगवर कधी आली, पत्रक पहिल्यांदा कधी भरले आणि चुकीच्या सूचनेसह शेवटची बाटली कधी बाहेर गेली. बहुतेक ठिकाणी लिस्टिंगचा बदलांचा इतिहास सहज दिसत नाही. तेव्हा फोटोच्या फाइलची तारीख, छपाईवाल्याचे बिल आणि त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर यांवरून तारीख काढता येते. दोन तारखांत शंका असेल तर आधीची धरायची.

आपल्या उदाहरणात पत्रक ३ मार्चपासून आहे, पण ओळ लिस्टिंगवर २४ फेब्रुवारीलाच आली होती. मधल्या आठवड्यात माल घेतलेल्यांच्या हातात चुकीचे पत्रक नाही, तरी त्यांनी चुकीची ओळ वाचली असू शकते. ते ग्राहकही यादीत आले पाहिजेत. फक्त बॅच क्रमांकावरून यादी काढली तर नेमके हेच लोक सुटतात. बॅच क्रमांक सदोष मालासाठी उपयोगी आहे. इथे मध जसा हवा तसाच आहे, सूचना सदोष आहे.

कोणाच्या घरी बाळ आहे, हे विक्रेत्याला माहीत नसते. बाटली भेट म्हणूनही गेलेली असू शकते. म्हणून निवड न करता सगळ्यांनाच कळवायचे. यादी अशी झाली : मार्केटप्लेसवरून १५० बाटल्या, वेबसाइटवरून ११८, व्हॉट्सअ‍ॅप ऑर्डर ६४, दोन दुकानांत ४४ आणि प्रदर्शनात ३६. एकूण ४१२. सोय म्हणून इथे एक बाटली म्हणजे एक ग्राहक असे धरले आहे.

निरोप कसा लिहायचा?

निरोपात दिलगिरी, ब्रँडची कहाणी आणि सवलतीचे कूपन पुढे आले की धोका मागे पडतो. वाचणाऱ्याने पहिल्या ओळीनंतर फोन खाली ठेवला तरी त्याला कळले पाहिजे, असा मजकूर हवा. उदाहरणार्थ :

‘तातडीची सुरक्षितता सूचना : १ वर्षाखालील बाळाला हा मध देऊ नका.

तुम्ही २४ फेब्रुवारी ते २१ एप्रिल या काळात आमच्याकडून मध घेतला आहे. ऑनलाइन माहितीत आणि पत्रकात “६ महिन्यांपुढील बाळाला अर्धा चमचा” असे लिहिले होते. ते चुकीचे आहे. १ वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध चाटवूही नये. त्यातून गंभीर आजार होऊ शकतो.

बाळाला देत असाल तर आजच थांबवा. गेल्या महिन्याभरात दिला असेल आणि बाळाला शौचास होत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, दूध ओढता येत नसेल, पापण्या किंवा मान पडत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि मध दिल्याचे सांगा.

बाटली कोणाला भेट दिली असेल तर हा निरोप त्यांना आजच पाठवा. पत्रक फाडून टाका. १ वर्षावरील मुले आणि मोठी माणसे हा मध खाऊ शकतात. पैसे परत हवे असतील तर कळवा. वाचल्यावर “वाचले” एवढे उत्तर द्या.’

यात ‘खबरदारी म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’, ‘आजवर एकही तक्रार नाही’ असे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. युरोपीय संघाच्या उत्पादन सुरक्षितता नियमात (१३ डिसेंबर २०२४ पासून लागू) माल परत मागवण्याच्या सूचनेत असे शब्द वापरायलाच मनाई आहे, कारण ते वाचून लोकांना धोका कमी वाटतो. अन्नपदार्थ त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, पण भाषेचा हा धडा कोणत्याही मालाला लागू पडतो. मधामुळे प्रत्येक बाळ आजारी पडते असे नाही. मध दिलेली बहुतेक बाळे ठीक असतात. फोन केलेल्या घाबरलेल्या आईला ते जरूर सांगावे, पण निरोपाच्या मथळ्यात नाही.

फोनवर एक प्रश्न हमखास येतो : अंगावर पाजणाऱ्या आईने मध खाल्ला तर? त्याने बाळाला हा धोका नाही, बीजाणू दुधात उतरत नाहीत. दुसरा प्रश्न : बाळाला दोन आठवड्यांपूर्वी मध दिला, आता काय? बाळ व्यवस्थित असले तरी डॉक्टरांना कळवायचे आणि महिनाभर ही लक्षणे पाहत राहायचे. बाळ तपासल्याशिवाय विक्रेत्याने ‘काही होत नाही’ असे सांगू नये.

निरोप पोहोचला, हे कसे समजायचे?

‘पाठवला’ आणि ‘पोहोचला’ यात मोठे अंतर असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला निरोप ज्यांनी विक्रेत्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मिळतो. एकदाच मध घेतलेल्या ग्राहकाने नंबर सेव्ह केलेला नसतो. त्यामुळे ६४ जणांना ६४ स्वतंत्र निरोप पाठवणे कंटाळवाणे असले तरी तेच खात्रीचे.

एसएमएसची अडचण वेगळी आहे. भारतात व्यवसायाच्या नावाने घाऊक एसएमएस पाठवायला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ही नोंदणी आधीपासून नसेल तर त्याच दिवशी घाऊक एसएमएस जाणार नाही. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच बसतात, त्यात काना-मात्राही मोजली जाते. छोट्या विक्रेत्याने त्या वाटेला न जाता सरळ फोन करावा.

मार्केटप्लेसवर ग्राहकाचा खरा नंबर किंवा ईमेल सहसा विक्रेत्याला दिसत नाही. तिथे ऑर्डरशी जोडलेल्या निरोपाच्या सोयीतून कळवावे लागते आणि त्यात लिंक किंवा फोन नंबर टाकला तर निरोप अडवला जाऊ शकतो. म्हणून मजकूर तेवढ्यातच पूर्ण हवा. सोबत विक्रेता-मदत विभागाकडे ‘सुरक्षिततेची चूक’ म्हणून लेखी कळवून, ग्राहकांना मार्केटप्लेसनेच ईमेल पाठवावा अशी मागणी करायची. विक्रेता स्वतः कुरिअर करत असेल तर पत्ते त्याच्याकडे असतात, पण ते या कामासाठी वापरण्याआधी मार्केटप्लेसची परवानगी घ्यावी.

आता आकडे पाहू. समजा, तिसऱ्या दिवशी चित्र असे आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ६४ पैकी ५८ जणांनी ‘वाचले’ असे उत्तर दिले, उरलेले ६ फोनवर भेटले. वेबसाइटच्या ११८ पैकी ६६ जणांनी ईमेलला उत्तर दिले. ५२ जणांना फोन केले, त्यातले ४१ बोलले, ११ लागले नाहीत. मार्केटप्लेसच्या १५० पैकी फक्त ३१ जणांचे उत्तर आले. दुकानांतल्या ४४ पैकी १९ बाटल्या अजून फळीवर होत्या, त्या परत आल्या. प्रदर्शनातल्या ३६ जणांचा पत्ता नाही.

म्हणजे ४१२ पैकी २२१ बाटल्यांचा हिशेब लागला आणि १९१ बाकी राहिल्या. सगळ्यांना निरोप ‘पाठवला’ असे म्हणता आले असते, पण खात्री निम्म्याहून थोड्याच जणांची आहे. बाकी कुठे आहे तेही दिसते : ११९ मार्केटप्लेसवर. पुढचा जोर तिथेच लावायचा. दुकानांतून गेलेल्या २५ बाटल्यांसाठी काउंटरवर आणि दारावर सूचना लावायची, उधारीच्या वहीतून ओळखीची गिऱ्हाइके शोधायला दुकानदाराला सांगायचे. प्रदर्शनाच्या ग्राहकांसाठी आयोजकांच्या ग्रुपवर आणि विक्रेत्याच्या सोशल मीडिया खात्यावर सूचना सगळ्यात वर लावून ठेवायची. ३० दिवसांचा काळ लक्षात घेता ती किमान शेवटची बाटली गेल्यापासून महिनाभर तिथे हवी. बाटली मात्र घरात वर्षभर राहू शकते, म्हणून पानावरची दुरुस्ती काढायचीच नाही.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ८४ नुसार, इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा मालासोबत नसेल, तर त्यातून झालेल्या हानीला उत्पादक जबाबदार ठरू शकतो. म्हणजे मध शुद्ध होता एवढे उत्तर पुरत नाही. धोकादायक किंवा असुरक्षित माल परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

अन्नपदार्थांसाठी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चे कलम २८ आहे. पदार्थ कायद्याच्या अटींत बसत नाही असे वाटले, तर व्यावसायिकाने तो लगेच बाजारातून काढण्याची कार्यवाही सुरू करून सक्षम अधिकाऱ्यांना कळवायचे असते. लेबल किंवा पत्रकातली चूक त्यात येते का, हा प्रश्न विक्रेत्याने स्वतः सोडवत बसू नये. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाला स्क्रीनशॉट, तीन तारखा, बाटल्यांची संख्या आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी आणि पोच घ्यावी.

ग्राहकाने काय करावे?

असा निरोप आला तर ‘वाचले’ असे उत्तर जरूर द्यावे, म्हणजे विक्रेत्याला न पोहोचलेल्यांकडे वळता येते. बाटली भेट दिली असेल तर निरोप पुढे पाठवावा. सूचना चुकीची वाटली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रारीसोबत पानाचा स्क्रीनशॉट आणि पत्रकाचा फोटो जोडावा, कारण पान दुरुस्त झाल्यावर आधी तिथे काय लिहिले होते याचा ग्राहकाकडे तोच पुरावा उरतो.